व्हॉट्सॲपकडून आपल्या खात्याचा अहवाल कसा मागवायचा, आणि त्यात काय शोधू नये

व्हॉट्सॲपमध्ये “Request account info” नावाची एक सोय आहे. तिच्यातून आपल्या खात्याची माहिती अहवालाच्या रूपात मागवता येते आणि फाइल म्हणून उतरवून घेता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत, लेखी अर्ज लागत नाही, कारणही कोणी विचारत नाही. घोळ होतो तो अपेक्षेचा. मागवणाऱ्याच्या मनात असतात जुने मेसेज, आणि या अहवालात एकही मेसेज येत नाही. दोन-तीन दिवस वाट पाहून हे कळण्यापेक्षा मागवण्याआधीच कळलेलं बरं.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. रावेर तालुक्यातले एक केळी उत्पादक आहेत, आपण त्यांना नाना म्हणू. आपल्याकडे केळीचा अर्धा धंदा आता व्हॉट्सॲपवरच चालतो. सकाळी ग्रुपवर बऱ्हाणपूरचा आणि रावेरचा भाव येऊन पडतो, व्यापाऱ्याशी सौदा चॅटवर ठरतो, कापणीची टोळी कधी येणार तेही तिथंच कळतं. नानांचा सौदा 1,800 रुपये क्विंटलने ठरला होता. माल निघाला 110 क्विंटल, आणि हातात पैसे आले 1,550 च्या भावाने. फरक 27,500 रुपयांचा. व्यापारी म्हणतो, 1,800 मी कधी बोललोच नाही. नाना म्हणतात, चॅटवर आहे ना! तेवढ्यात पुण्याला शिकणाऱ्या पुतण्याने फोनवरून सांगितलं, “नाना, व्हॉट्सॲपकडून तुमची सगळी माहिती मागवता येते, तो रिपोर्टच मागवा.” पुतण्याचं “सगळी” एवढं ऐकून नाना कामाला लागले.

मागणी कशी करायची

ज्या फोनमध्ये खातं सुरू आहे तो फोन हातात घ्या. व्हॉट्सॲप उघडा. अँड्रॉइडवर वर उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबून “Settings” मध्ये जा, आयफोनवर सेटिंगचा टॅब खाली असतो. तिथून “Account”, आणि त्यात “Request account info”. ॲप मराठीत ठेवलेलं असेल तर शब्द मराठी दिसतील, पण रस्ता हाच.

आत गेल्यावर खात्याच्या माहितीचा अहवाल आणि चॅनेलवरच्या हालचालींचा अहवाल असे दोन वेगळे पर्याय दिसू शकतात. चॅनेल म्हणजे आपण फॉलो करतो ती एकतर्फी पानं, ज्यांवर बातम्या किंवा बाजारभाव येतात. नवख्या माणसाला हवा असतो तो पहिला, खात्याचा. चॅनेलवालाही हवा असेल तर त्याची मागणी वेगळी करावी लागते, एकात दुसरा येत नाही. तिथं “Request report” वर दाबा. पडद्यावर विनंती गेल्याचं दिसेल आणि अहवाल कधीपर्यंत तयार होईल त्याची तारीख येईल. साधारण तीन दिवस धरून चला.

याच पानावर दर महिन्याला आपोआप अहवाल तयार करण्याचा एक खटका दिसला तर सध्या त्याला हात लावू नका. त्याबद्दल शेवटी सांगतो.

आता या तीन दिवसांत काय करायचं नाही, ते नीट वाचा. विनंती एकदा पाठवली की ती मागे घेता येत नाही, पण आपल्याच हाताने ती रद्द मात्र होऊ शकते. मधल्या काळात व्हॉट्सॲपचा नंबर बदलला, खातं डिलीट केलं, किंवा नव्या फोनमध्ये टाकून ओटीपी घेऊन खातं पुन्हा नोंदवलं, तर आधीची विनंती संपते आणि पुन्हा पहिल्यापासून मागावं लागतं. नानांच्या फोनची काच फुटलेली होती. मुलाने नवा फोन आणून ठेवला होता आणि दुसऱ्याच दिवशी सिम त्यात टाकायचं घाटत होतं. नुसतं सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकल्याने काही होत नाही, पण नव्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू केलं की विनंती गेली. म्हणून फोन बदलायचा असेल तर आधी अहवाल हातात घ्या, मग बदला. खातं कायमचं बंद करायचं असेल तरी क्रम हाच. बंद केलेल्या खात्याचा अहवाल मागायला मग दारच उरत नाही.

अहवाल आला, आता उतरवायचा कसा

तयार झाला की व्हॉट्सॲपमध्येच सूचना येते. पुन्हा त्याच पानावर जा. “Request report” च्या जागी आता “Download report” दिसेल. कुठल्या तारखेपर्यंत उतरवता येईल तेही लिहिलेलं असतं. ती मुदत काही आठवड्यांचीच असते, त्यानंतर सर्व्हरवरचा अहवाल पुसला जातो. कापणीच्या धांदलीत “बघू सवडीने” म्हटलं की राहून जातं. सूचना आली त्याच दिवशी उतरवून घ्या.

उतरवल्यावर पुष्कळ जण अडतात, कारण दाबलं तरी काही उघडत नाही. हा अहवाल व्हॉट्सॲपच्या आत वाचता येत नाही. तो “Export report” ने बाहेर काढावा लागतो. दाबल्यावर शेअरची नेहमीची यादी येते: जीमेल, ड्राइव्ह, फाइल्स वगैरे. स्वतःच्याच ईमेलवर पाठवला किंवा स्वतःच्या ड्राइव्हमध्ये ठेवला तर उत्तम. या यादीत चुकून एखाद्या ग्रुपवर बोट पडलं तर अहवाल थेट ग्रुपवर जाईल, तेव्हा पाठवण्याआधी वरचं नाव एकदा वाचा.

हातात येते ती झिप फाइल. ती आधी सोडवावी लागते. अँड्रॉइडवर फाइल्स ॲपमध्ये झिपवर दाबलं की सोडवण्याचा पर्याय येतो. संगणकावर उजव्या बटणाने “Extract All”. झिप न सोडवता आतली फाइल तशीच उघडली तर कधी फोटो दिसत नाहीत, कधी पान अर्धवट येतं, आणि माणसाला वाटतं अहवालच बिघडलेला आला. सोडवल्यावर आत `.html` आणि `.json` अशा शेपटीच्या फाइल दिसतील. आपल्याला वाचायची ती `.html`. ती क्रोममध्ये किंवा कुठल्याही ब्राउझरमध्ये साध्या पानासारखी उघडते. `.json` मध्ये तीच माहिती प्रोग्रामला वाचता येईल अशा रूपात असते, तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

इथं एक सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे सवय तशी आहे. फाइल उघडत नाही म्हटलं की माणूस तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो, त्याच्या नंबरवर फाइल पाठवतो आणि प्रिंट काढून घेतो. ती फाइल मग त्याच्या संगणकावर राहते. तुमच्या फोनमधल्या लोकांचे नंबर, तुम्ही कोणाला ब्लॉक केलं त्याची यादी, सगळं त्याच्या डाउनलोडमध्ये. प्रिंट काढायचीच असेल तर पेनड्राइव्हवर न्या, समोर उभं राहून काढा आणि परत घेऊन या.

अहवालात काय असतं

नानांचा अहवाल उघडला तो पहिल्या भागात त्यांचा स्वतःचा नंबर, प्रोफाइलला ठेवलेलं नाव, फोटो आणि “About” मधलं वाक्य. त्याखाली फोनची माहिती: कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, अँड्रॉइड कितवं, व्हॉट्सॲपची आवृत्ती कुठली. मग शेवटचं जोडणं कधी झालं आणि त्या वेळचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्या जोडणीला मिळालेला आकडी पत्ता.

याच भागात दोन गोष्टींनी लोक घाबरतात. पहिली वेळ. नानांच्या अहवालात शेवटच्या जोडण्याची वेळ 03:40 होती. नाना म्हणाले, “पहाटे पावणेचारला मी झोपेत असतो. मग माझा फोन वापरला कोणी?” कोणीच नाही. वेळेच्या पुढे UTC असं लिहिलेलं होतं. ही जागतिक प्रमाणवेळ, आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. 03:40 मध्ये 5:30 मिळवा, सकाळचे 9:10 होतात. त्या वेळी नाना ओट्यावर बसून ग्रुपवरचे भाव बघत होते. अहवालातली कुठलीही वेळ वाचताना तिच्यापुढे UTC किंवा GMT आहे का ते आधी बघा. रात्रीच्या वेळा मिळवताना तारीखही बदलू शकते: 12 तारखेचे 20:00 म्हणजे आपल्याकडे 13 तारखेची रात्र, दीड वाजलेला.

दुसरी गोष्ट आयपी पत्ता. हा आकडा इंटरनेटवरच्या एखाद्या शोधपानात टाकला की ते गाव दाखवतं, आणि नानांना दिसलं मुंबई. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्या सामायिक पत्त्यांमागे जोडतात आणि त्या पत्त्यांची नोंद मोठ्या शहराच्या नावावर असू शकते. त्यामुळे रावेरच्या मळ्यात बसलेला माणूस मुंबईत दिसतो. यावरून खातं चोरीला गेलं असा निष्कर्ष काढू नका. शिवाय हा शेवटच्या जोडणीचा पत्ता असतो. गेल्या वर्षभरात कुठून कुठून खातं उघडलं याची वही इथं मिळत नाही. आपलं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुणाच्या संगणकावर चालू आहे का, ही शंका असेल तर त्याचं उत्तर या अहवालात शोधण्यापेक्षा “Linked devices” मध्ये बघा. तिथं जोडलेली यंत्रं दिसतात आणि नको असलेलं तिथूनच बाहेर काढता येतं.

पुढचा भाग संपर्कांचा. यात नंबर असतात, 91 लावलेले, ओळीने. नावं नसतात. नाना ती यादी बघून वैतागले, कारण एवढ्या नंबरांत व्यापाऱ्याचा कुठला ते आठवेना. फोनमधून नंबर काढून यादीत शोधला तेव्हा सापडला. पण सापडून उपयोग काय? त्यावरून एवढंच दिसतं की हा नंबर नानांच्या संपर्कांत आहे. त्या नंबराशी बोलणं झालं का, कधी झालं, काय झालं, हे ती ओळ सांगत नाही.

मग ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी, ग्रुपची नावं, आणि प्रायव्हसीच्या सेटिंग: लास्ट सीन कोणाला दिसतं, फोटो कोणाला दिसतो, अशा. अटी-शर्ती मान्य केल्याची नोंदही असते. ग्रुपच्या यादीचा एक चांगला उपयोग आहे. वर्षानुवर्षं आपल्याला कोणीही कुठल्याही ग्रुपमध्ये टाकत असतं, आणि चॅटच्या यादीत ते ग्रुप खाली खाली दबून जातात. अहवालात ती नावं एका पानावर दिसतात. नानांना त्यात ठिबकच्या दुकानाचा, कोणत्या तरी निवडणुकीतला आणि एका लग्नाच्या वऱ्हाडाचा ग्रुप सापडला. लग्न होऊन जोडप्याची मुलं शाळेत जायला लागली, तरी नाना अजून वऱ्हाडातच होते.

काय नसतं, आणि का नसतं

मेसेज नसतात. फोटो, व्हिडिओ, व्हॉइस नोट नसतात. स्टेटस नसतात. कोणाला किती वेळा कॉल केला ती यादी नसते. आपला फोटो कोण बघून गेलं हे तर मुळीच नसतं. तशी माहिती देतो म्हणणारं कुठलंही ॲप दिसलं तर दूरच राहा.

मेसेज का नसतात हे एकदा समजून घेतलं की पुढचे बरेच प्रश्न मिटतात. 2016 पासून व्हॉट्सॲपवरचे मेसेज दोन टोकांमध्ये कुलूपबंद होऊन जातात. कुलूप लागतं पाठवणाऱ्याच्या फोनवर आणि उघडतं घेणाऱ्याच्या फोनवर. मधला सर्व्हर फक्त पोहोचवण्याचं काम करतो. मेसेज पोहोचला की सर्व्हरवरून तो काढला जातो. समोरच्याचा फोन बंद असेल तर कुलूपबंद अवस्थेत तो जास्तीत जास्त 30 दिवस थांबतो आणि मग पुसला जातो. म्हणजे नानांचा आणि व्यापाऱ्याचा सौदा जिथं राहिला त्या जागा म्हणजे दोघांचे फोन, आणि घेतलेला असेल तर त्यांचा बॅकअप. कंपनीकडे तो वाचता येण्याजोगा नाहीच, मग अहवालात कुठून येणार?

बॅकअपबद्दलही एक गैरसमज असतो. अँड्रॉइडवर गुगल खात्यात आणि आयफोनवर आयक्लाउडमध्ये जाणारा बॅकअप आणि हा अहवाल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. फोन हरवला तर जुनी चॅट परत येते ती बॅकअपमधून, तीही त्याच नंबरावर व्हॉट्सॲप नव्याने सुरू करताना. अहवालाची झिप नव्या फोनमध्ये घालून काहीही परत येत नाही. संपर्कसुद्धा नाही, कारण त्यात नावंच नाहीत.

उलट बाजूही सांगायला हवी. अहवालात एखादी गोष्ट दिसली नाही म्हणून ती कंपनीकडे मुळात नाहीच, असं धरू नये. कंपनीच्या स्वतःच्या प्रायव्हसी पॉलिसीत वापराच्या आणि यंत्राच्या अनेक प्रकारच्या नोंदींचा उल्लेख आहे. अहवाल म्हणजे खात्याची माहिती आणि सेटिंग यांचा उतारा. सातबारा काढला म्हणून जमिनीचं सगळं जुनं दप्तर हातात येत नाही, तसंच.

ही सोय आली 2018 मध्ये, युरोपातला डेटा संरक्षणाचा कायदा त्या वर्षीच्या 25 मे पासून लागू व्हायच्या सुमारास, आणि ती जगभर सगळ्यांनाच दिली गेली. आपल्याकडे 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यातही आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क लिहिलेला आहे.

मग सौद्याचे मेसेज हवे असतील तर

नानांना खरं तर हवी होती ती वेगळी सोय, “Export chat”. ती अहवालासारखी तीन दिवस घेत नाही, जागच्या जागी होते. व्यापाऱ्याची चॅट उघडा, वरच्या तीन टिंबांवर, मग “More”, मग “Export chat”. आयफोनवर चॅटच्या वरच्या नावावर दाबून खाली सरकलं की हाच पर्याय मिळतो. फोटो आणि व्हॉइस नोटसह हवं की त्याशिवाय, असं विचारलं जातं. निर्यातीला मर्यादाही आहे: मीडियासह घेतलं तर अलीकडचे 10,000 मेसेजपर्यंत, मीडियाशिवाय 40,000 पर्यंत. एका व्यापाऱ्याच्या चॅटला ही मर्यादा भरपूर होते. भावाच्या मोठ्या ग्रुपला कमी पडू शकते.

बाहेर येते ती साधी मजकुराची फाइल, साधारण अशी:

```
12/08/25, 9:14 am - केळी व्यापारी: 1800 ने घेतो, उद्या टोळी पाठवतो
12/08/25, 9:16 am - नाना: बरं
12/08/25, 9:21 am - केळी व्यापारी: <Media omitted>
```

इथली वेळ आपल्या फोनची असते, साडेपाच तास मिळवायची भानगड नाही. तिसरी ओळ मात्र बघा. मीडियाशिवाय निर्यात केली की व्हॉइस नोटच्या जागी नुसतं `<Media omitted>` उरतं. आपल्याकडे भाव टाइप करण्यापेक्षा बोलून पाठवण्याची सवय जास्त. नानांच्या सौद्यात कापणी कोणत्या दिवशी आणि कट्टी किती, हे सगळं व्हॉइस नोटमध्ये होतं. त्यांनी आधी मीडियाशिवाय फाइल काढली तर निम्मा सौदा गायब. पुन्हा मीडियासह काढली तेव्हा त्या ध्वनिफिती फाइलसोबत आल्या. व्हॉइस नोट फोनमधूनच पुसली गेली असेल तर निर्यातीतही येणार नाही. मुदतीने नाहीसे होणारे मेसेज लावलेले असतील आणि मुदत उलटली असेल तर तेही गेले. आणि चॅटमध्ये “Advanced chat privacy” चालू असेल तर निर्यातच होत नाही, तेव्हा पर्याय दिसला नाही तर आधी ते तपासा.

आता एक बारकावा, जो दोन्ही फाइली शेजारी ठेवल्यावर ध्यानात येतो. अहवालात नंबर आहेत, नावं नाहीत. निर्यात केलेल्या चॅटमध्ये नाव आहे, नंबर नाही. आपण फोनमध्ये ज्या नावाने सेव्ह केलं तेच नाव तिथं येतं, आणि ते नाव आपण हवं तेव्हा बदलू शकतो. समोरचा उद्या म्हणेल, “केळी व्यापारी म्हणजे मीच कशावरून?” म्हणून निर्यात करताना त्याच वेळी चॅटच्या वरच्या नावावर दाबून नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. मग मूळ सौद्याच्या मेसेजचाही, तारखेसकट. वजनकाट्याची पावती आणि बँकेत जमा झालेल्या रकमेची नोंद त्याला जोडा. 110 क्विंटल पावतीवर, 1,800 चॅटवर, 1,70,500 बँकेत. यातून फरक कोणालाही काढता येतो.

नानांनी हे कागद घेऊन गावातल्या दोन जाणत्या माणसांना बसवलं आणि बोलणी सुरू झाली. प्रकरण कोर्टात न्यायची वेळ आलीच तर नुसती प्रिंट पुरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ते वकील करून देतील, पण तोवर ज्या फोनमध्ये मूळ चॅट आहे तो फोन विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका आणि रीसेट करू नका. फुटक्या काचेचा का असेना.

काम झाल्यावर आवराआवर

अहवालाच्या पानावर “Delete report” असा पर्याय असतो. त्याने फोनमध्ये उतरवलेली अहवालाची प्रत पुसली जाते. खातं किंवा चॅट त्याने पुसली जात नाही, त्यामुळे नावाला घाबरू नका. पण बाहेर काढलेली झिप त्याने जात नाही. ती डाउनलोडमध्ये, सोडवलेल्या फोल्डरमध्ये, ईमेलच्या पाठवलेल्या पेटीत आणि ड्राइव्हमध्ये जिथं जिथं गेली तिथं आपणच शोधून काढावी लागते. फोन मुलांच्या हातात जात असेल किंवा दुरुस्तीला टाकायचा असेल तर हे आधी करा.

आणि तो दर महिन्याचा खटका. तो चालू केला की दर महिन्याला नवा अहवाल आपोआप तयार होतो. माझ्या मते शेतकऱ्याला किंवा किरकोळ दुकानदाराला त्याची गरज नाही. संपर्क, ग्रुप आणि सेटिंग महिन्याभरात एवढे बदलत नाहीत, आणि इतरांचे नंबर असलेल्या फाइली उगाच साठत जातात. फोन बदलण्याआधी किंवा खातं बंद करण्याआधी एकदा मागवला तरी भागतं. व्यापाऱ्याशी ठरलेला भाव जपायचा असेल तर त्याच संध्याकाळी त्या चॅटची निर्यात करून स्वतःच्या ईमेलवर टाकायची, मीडियासह.